सोयाबीन हिरवंगार, मग एनडीव्हीआय कमी का?

हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड परतवतं. या दोहोंतल्या तफावतीवरून काढलेला, पिकाचा हिरवेपणा सांगणारा आकडा म्हणजे एनडीव्हीआय. भूगोल शिकला नसलात तरी एवढं पुरे. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रांत लाल म्हणजे B4, निअर-इन्फ्रारेड म्हणजे B8:

```
NDVI = (B8 - B4) / (B8 + B4)
```

समजा, ऑगस्टअखेर लातूरकडच्या दाट सोयाबीनच्या एका पिक्सेलमध्ये B8 5000 आणि B4 1500 आहे. थेट सूत्रात घातलं की 0.54 येतं आणि पीक पिवळं पडलंय असं वाटतं. पण जानेवारी 2022 च्या अखेरीपासून या आकड्यांत 1000 जादा मिळवलेले असतात. ते आधी वजा करा: 4000 आणि 500. आता उत्तर 0.78, म्हणजे पीक ठणठणीत! 2021 चं चित्र 2023 शी ताडून 'यंदा पीक खालावलं' असं म्हणणारे बहुतेकदा इथेच फसतात. गूगलच्या अर्थ इंजिनमध्ये `COPERNICUS/S2_SR_HARMONIZED` हा सेंटिनेल-2 चा संच घेतलात तर ही वजाबाकी झालेलीच असते. तिथे पुन्हा करू नका.

खरिपात खरी डोकेदुखी ढगांची. चित्रासोबत येणाऱ्या, प्रत्येक पिक्सेल कशाचा आहे ते सांगणाऱ्या `SCL` थरातले 3 (सावली), 8, 9 (ढग) आणि 10 (विरळ ढग) हे पिक्सेल वगळा. विरळ ढग यातूनही निसटतो, म्हणून मूळ रंगीत चित्र डोळ्यांनी पाहाच. पाच दिवसांत आकडा अचानक पडून पुढच्या फेरीत सावरला, तर तो ढगच. रोगाने पिवळं पडलेलं पीक इतक्या लवकर सावरत नाही.

शेताची हद्द 10 मीटर आत घ्या, नाहीतर बांधावरची बाभूळही सोयाबीनमध्ये मोजली जाईल.