प्रभारित कड्याच्या अक्षावर सोडलेल्या ऋण प्रभाराचा आवर्तकाल

प्रश्न: R त्रिज्येच्या स्थिर कड्यावर +Q प्रभार एकसारखा पसरलेला आहे. अक्षावर केंद्राजवळ −q प्रभाराचा, m वस्तुमानाचा कण सोडला तर तो दोलन करेल का? आवर्तकाल किती?

उत्तर: हो, आणि विस्थापन R च्या मानाने लहान असेल तर आवर्तकाल T = 2π√(mR³/kQq), इथे k = 1/4πε₀.

कड्याच्या प्रत्येक तुकड्याच्या आकर्षणाचा अक्षाला लंब भाग समोरच्या तुकड्यामुळे रद्द होतो. उरतं ते केंद्राकडे ओढणारं बल F = −kQqx/(R² + x²)^(3/2). x लहान असताना छेदातला x² सोडून दिला की F = −(kQq/R³)x, म्हणजे सरळ सरल आवर्त गती. R = १० सेंमी, Q = १ मायक्रोकूलोम, q = १० नॅनोकूलोम, m = १ ग्रॅम घेतलं तर T सुमारे ०.६६ सेकंद येतो (गुरुत्व धरलेलं नाही). मोठ्या आयामाला परतीचं बल या सूत्राच्या अंदाजापेक्षा कमी पडतं, म्हणून आवर्तकाल वाढतो. आयाम R/10 असेल तर ही वाढ जेमतेम अर्धा टक्का असते.

एक अट मात्र पुस्तकी गणितात बहुतेक वेळा लिहिलेली नसते. केंद्रापाशी हा समतोल फक्त अक्षाच्या दिशेने स्थिर आहे. कण जरासा बाजूला सरकला तर जवळची कड त्याला आणखी ओढते आणि तो कड्यावर जाऊन आदळतो. म्हणून कण अक्षावरच्या गुळगुळीत, विद्युतरोधक दांडीत ओवलेला आहे असं धरावं लागतं.