लग्नाच्या वाढदिवसाचा संदेश: तेच ते शब्द कसे टाळावेत?

प्रश्न: लग्नाला २७ वर्षे झाली. पत्नीला दरवर्षी तेच ते लिहिले जाते, यंदा काय लिहू?

उत्तर: गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः पाहिलेली तिची एकच कृती लिहा आणि ‘सुखदुःखातील साथ’, ‘आयुष्याची जोडीदार’ हे शब्द आधीच वगळा. नाशिकमध्ये शुभेच्छापत्रांचा मजकूर लिहून देताना मला सतत जाणवते, की विशेषणे दरवर्षी तीच येतात, क्रियापदे मात्र बदलतात. उदाहरणार्थ: ‘पहाटे गोदाकाठी फिरताना माझा गुडघा दुखू लागला, की तू काही न बोलता पावले आवरतेस, हे माझ्या लक्षात यायला सत्तावीस वर्षे लागली.’ येथे ‘प्रेम’ हा शब्द नाही, आणि तो घालूही नका. मात्र संदेश नातेवाइकांसमोर वाचला जाणार असेल, तर तिच्या आजारपणासारख्या खासगी गोष्टीचा उल्लेख तिला विचारूनच करावा.