चक्क्यात दह्यापेक्षा जास्त प्रोटीन कसं येतं?

प्रश्न: "एकाच दुधाचं दही, नुसतं फडक्यात बांधून ठेवलं तर त्यात प्रोटीन वाढतं कसं? आणि चमच्यामागे नेमका फरक किती पडतो?"

प्रोटीन वाढत नाही, पाणी कमी होतं. एक लिटर टोन्ड दूध घेऊन हिशेब मांडला की हे लगेच स्पष्ट होतं.

पिशवीवर १०० मिलीला ३.२ ग्रॅम प्रोटीन लिहिलेलं असेल, तर लिटरभर दुधात ३२ ग्रॅम झालं. उकळताना थोडी वाफ जाते, त्यामुळे दही साधारण एक किलो मिळतं आणि विरजणाने प्रोटीनमध्ये म्हणण्यासारखा फरक पडत नाही. म्हणजे १०० ग्रॅम दह्यात ३.२ ग्रॅम. हे दही रात्रभर फ्रीजमध्ये टांगून ठेवलं आणि सकाळी भांड्यात ६०० ग्रॅम पाणी जमलं, तर फडक्यात ४०० ग्रॅम चक्का उरतो. पाण्यातून प्रोटीन जातं ते १०० ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. आपण ०.४ धरू, म्हणजे एकूण २.४ ग्रॅम गेलं. उरलेलं २९.६ ग्रॅम आता ४०० ग्रॅम चक्क्यात आहे, म्हणजे १०० ग्रॅमला ७.४. पंधरा ग्रॅमच्या चमच्याला दह्यात जेमतेम अर्धा ग्रॅम, चक्क्यात १.१ ग्रॅम.

पाणी जातं आणि प्रोटीन मागे राहतं, याचं कारण दुधातलं सुमारे ८० टक्के प्रोटीन केसीन असतं. दही आंबट होतं तसे केसीनचे कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं बारीक जाळं तयार होतं. दह्याचा घट्टपणा तो हाच. पाणी त्या जाळ्याच्या भोकांत अडकलेलं असतं, टांगलं की स्वतःच्या वजनाने उतरतं. उरलेलं २० टक्के प्रोटीन पाण्यात विरघळणारं असतं, ते खरं तर वाहून जायला हवं. पण आपण विरजण लावण्याआधी दूध चांगलं उकळतो. त्या उष्णतेने या प्रोटीनची घडण उलगडते आणि त्यातलं बरंचसं केसीनला जाऊन चिकटतं. म्हणून घरच्या दह्याच्या पाण्यातून प्रोटीन इतकं कमी जातं.

भांड्यातलं पाणी बघितलं की काम नीट झालंय का ते कळतं. निवळ, पिवळसर हिरवट पाणी हवं. तो रंग त्यात उतरलेल्या बी-२ जीवनसत्त्वाचा. पाणी दुधासारखं पांढरं दिसलं, तर दह्याचे कण फडक्यातून निसटतायत आणि त्यांच्याबरोबर प्रोटीनही. दही पुरतं लागायच्या आत ओतलं, ढवळून मोडलं, फडकं विरळ असलं किंवा घाईने पिळलं की असं होतं. फडकं दुपदरी करा, दही हलक्या हाताने ओता आणि पिळू नका.

तुमच्या चक्क्याचा आकडा ७.४ च येईल असं नाही. कमी वेळ टांगलं आणि ६०० ग्रॅम चक्का उरला, तर याच हिशेबाने तो ५ च्या आसपास येतो. म्हणून घरच्या काट्यावर दही आणि चक्का दोन्ही तोलून बघा. दह्याचं वजन भागिले चक्क्याचं वजन, गुणिले दह्यातलं प्रोटीन, आणि त्यातून थोडं वजा. चमच्यावर मात्र विसंबू नका. दही चमच्याच्या काठापर्यंतच राहतं, चक्का ढिगासारखा उभा राहतो, त्यामुळे "एक चमचा चक्का" बऱ्याचदा वजनाने दीडपट असतो.

वजन कमी करायचं म्हणून विचारत असाल तर स्निग्धांशाकडे लक्ष द्या, कारण तोही त्याच जाळ्यात अडकून राहतो. टोन्ड दुधात ३ टक्के फॅट असतं, म्हणजे लिटरमागे ३० ग्रॅम. ते जवळजवळ सगळं चक्क्यात येतं आणि १०० ग्रॅमला सुमारे ७.५ होतं, म्हणजे प्रोटीनइतकंच. फुल क्रीम दूध घेतलंत तर १५ च्या घरात. साखर (लॅक्टोज) पाण्याबरोबर बरीच निघून जाते, पण फॅट जात नाही. प्रोटीनसाठीच चक्का करायचा तर साय काढलेलं दूध घ्या.

कॅल्शियमचं गणित उलटं आहे. दूध आंबट होताना केसीनला धरून असलेलं कॅल्शियम सुटून पाण्यात उतरतं. त्यामुळे प्रोटीन दुपटीहून वर गेलं तरी चमच्यामागे कॅल्शियम जवळपास दह्याइतकंच राहतं, आणि लिटरभर दुधातलं निम्म्याहून जास्त त्या भांड्यातल्या पाण्यात असतं. मी ते पाणी कणीक मळायला किंवा कढीत वापरते, ओतून देत नाही.

आणि श्रीखंडाला हा हिशेब लावू नका. चक्क्याइतकीच साखर घातली की ४०० चे ८०० ग्रॅम होतात आणि १०० ग्रॅमला प्रोटीन ३.७ वर येतं, साध्या दह्याच्या किंचित वर.