शिक्का, कात्री आणि उधारी : पंक बँडनी स्वतःच्या रेकॉर्ड कशा काढल्या

प्रश्न : “पंक बँड सगळे स्वतःच करायचे असे नेहमी वाचतो, पण रेकॉर्ड काही घरी बनवता येत नाही. मग ते स्वतः नेमके काय करायचे, बाहेरून काय करून घ्यायचे, आणि पैशांचे गणित कसे बसायचे?”

रेकॉर्ड दाबण्याचे, म्हणजे साच्यात प्लास्टिक दाबून तिच्या प्रती काढण्याचे काम पंक बँडनीही कारखान्यातच करून घेतले. बदल झाला तो इतकाच, की ध्वनिमुद्रणापासून दुकानापर्यंतची प्रत्येक पायरी त्यांनी सुटी केली, तिची किंमत वेगळी विचारली आणि ती किंमत इतरांनाही सांगून टाकली. तोवर हे सारे टप्पे रेकॉर्ड कंपनीच्या एकाच छपराखाली असत आणि कलाकाराला त्यातले फारसे काही दिसतही नसे. स्वतःची रेकॉर्ड स्वतः काढणारे संगीतकार त्याआधी नव्हते असे नाही. जॅझमधल्या सन रा यांनी १९५०च्या दशकातच आपले ‘सॅटर्न’ हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी, सुरू केले होते. मात्र ती कृती सर्वांना समजेल अशा रीतीने जाहीर करणे ही पंकची खास कामगिरी आहे, असे माझे मत आहे.

सुरुवात मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’पासून करावी लागते. २८ डिसेंबर १९७६ रोजी हा बँड तिथल्या इंडिगो स्टुडिओत गेला, सुमारे तीन तासांत चार गाणी वाजवली आणि पुढच्या दोनेक तासांत वेगवेगळे आवाज जुळवून त्यांचे मिक्सिंगही उरकले. ध्वनिमुद्रणाची बाजू मार्टिन हॅनेट यांनी सांभाळली. त्यांचे नाव रेकॉर्डवर ‘मार्टिन झीरो’ असे आहे. लागणारे पाचशे पौंड मित्रांकडून आणि घरच्यांकडून उसने घेतले होते. ‘स्पायरल स्क्रॅच’ ही ईपी, म्हणजे चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड, जानेवारी १९७७च्या अखेरीस ‘न्यू हॉर्मोन्स’ या बँडच्याच लेबलवर निघाली. पहिल्या हजार प्रती होत्या, म्हणजे एका प्रतीमागे साधारण पन्नास पेन्स खर्च आला.

या रेकॉर्डचे कव्हर हातात घेऊन पाहण्यासारखे आहे. पुढच्या बाजूला पोलरॉइड कॅमेऱ्याने काढलेले बँडचे छायाचित्र आहे, ते शहरातल्या एका पुतळ्यापाशी त्यांचे व्यवस्थापक रिचर्ड बून यांनी काढले. मागच्या बाजूला प्रत्येक गाण्यापुढे ते कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झाले आणि त्यावर नंतर किती वाद्ये चढवली हे छापले आहे. एखादे गाणे तिसऱ्या खेपेला जमले आणि त्यावर नंतर काहीही चढवलेले नाही, हे ऐकणाऱ्याला सांगण्याची पद्धत त्या काळी नव्हती. रेकॉर्डमागचे श्रम मोजता येण्यासारखे आहेत, ही जाणीव त्या मजकुरातून पहिल्यांदा लोकांपर्यंत गेली. हजार प्रती पाहता पाहता संपल्या आणि पुढे एकूण विक्री सोळा हजारांच्या घरात गेली.

त्याच वर्षी लंडनच्या ‘डेस्परेट बायसिकल्स’ने हे गणित आणखी खाली आणले. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डचा संपूर्ण खर्च १५३ पौंड आला आणि प्रती पाचशे होत्या, म्हणजे प्रत्येकी तीसएक पेन्स. हा खर्च एवढा कमी कसा आला हे समजण्यासाठी रेकॉर्ड तयार कशी होते ते पाहावे लागेल.

स्टुडिओतून बँडच्या हाती मास्टर टेप, म्हणजे तयार गाण्यांची मूळ ध्वनिफीत येते. ती कटिंगच्या खोलीत जाते. तिथे ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा, म्हणजे एका प्रकारच्या रोगणाचा मऊ थर दिलेला असतो आणि तापवलेली सुई त्या थरात खाच कोरते. या लॅकरवर चांदीचा पातळ मुलामा देऊन त्यावर विद्युत विलेपनाने निकेल चढवतात आणि तो निकेलचा पत्रा सोलून काढला की खाचांच्या जागी उंचवटे असलेला उलटा ठसा मिळतो. त्यावरून पुढचे ठसे घेत शेवटी ‘स्टॅम्पर’ म्हणजे दाबयंत्राचा साचा तयार होतो. एका बाजूला एक साचा लागतो, म्हणून दोन बाजूंना दोन लॅकर, दोनदा विलेपन आणि दोन साचे. प्रती शंभर काढा की हजार, हा खर्च बदलत नाही, आणि प्रती थोड्या असल्या की तोच सर्वांत जड जातो. डेस्परेट बायसिकल्सने आपली दोन्ही गाणी एकाच बाजूत बसवली आणि दुसऱ्या बाजूलाही तीच दोन गाणी दिली, त्यामुळे कोरण्याचे काम एकाच बाजूपुरते उरले. पाचशे प्रती चारेक महिन्यांत खपल्या. आलेल्या पैशांतून दुसरी रेकॉर्ड निघाली आणि तिच्या कव्हरवर त्यांनी पहिलीचा खर्च छापून वाचकांना सरळ विचारले की तुम्ही अजून तुमची रेकॉर्ड का काढलेली नाही.

१९७८ साली ‘स्क्रिटी पोलिटी’ या बँडने हा हिशेब तपशिलात मांडला. त्यांच्या ‘स्कँक ब्लॉक बोलोन्या’ या पहिल्या रेकॉर्डच्या फोटोकॉपी केलेल्या कव्हरवर केंब्रिजच्या स्टुडिओतल्या चौदा तासांचे मास्टर टेपसह ९८ पौंड, लॅकर कोरण्याचे ४० पौंड, अडीच हजार प्रती दाबण्याचे सुमारे ३६९ पौंड, अशा रकमा त्या त्या ठिकाणांच्या नावापत्त्यांसह छापल्या होत्या. यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी रक्कम आठ पौंडांची आहे. रेकॉर्डच्या मध्यभागी लावायच्या गोल लेबलांची छपाई त्यांनी टाळली. दाबणीच्या दरात कोरी पांढरी लेबले मिळतच होती, म्हणून त्यांनी आठ पौंडांत एक रबरी शिक्का करून घेतला आणि त्या लेबलांवर तो मारला. आणि दाबणी झाली ती ‘पाय’ या मोठ्या कंपनीच्या कारखान्यात. कंपनीला पर्याय उभा करणारी ही रेकॉर्ड कंपनीच्याच यंत्रावर, तिच्या दरपत्रकाप्रमाणे पैसे मोजून निघाली होती. यात मला कोणताही विरोधाभास वाटत नाही. यंत्र आपले असण्यापेक्षा गाणी, मास्टर टेप आणि निर्णय आपले असणे त्यांच्या लेखी महत्त्वाचे होते.

या कामात फसगत होण्याच्या जागाही ठरलेल्या असत. सात इंची रेकॉर्डच्या एका बाजूत जास्त मिनिटे कोंबली की खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, त्यासाठी कटिंग करणारा आवाजाची पातळी उतरवतो आणि स्टुडिओत दणदणीत वाटलेले गाणे दुकानात मलूल वाजते. बाजूचा शेवट मध्याजवळ येतो तिथे ‘स’, ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात, म्हणून सर्वांत कर्कश गाणे शेवटी ठेवू नये हे जाणकार सांगत. मधले भोक नेमके मध्यावर नसेल तर प्रत्येक फेऱ्याला सूर किंचित वर-खाली होतो. हा दोष कानांआधी डोळ्यांना दिसतो, कारण रेकॉर्ड फिरत असताना सुईचा दांडा डावी-उजवीकडे डोलत राहतो. कारखाना मुख्य दाबणीआधी चाचणीच्या मोजक्या प्रती पाठवतो त्या यासाठीच. घाईत त्या न ऐकता मंजुरी दिली की सदोष गठ्ठा आपल्याच गळ्यात पडतो.

कव्हरच्या बाबतीत अमेरिकेतल्या वॉशिंग्टनचे उदाहरण घ्यावेसे वाटते. ‘टीन आयडल्स’ हा शाळकरी मुलांचा बँड १९८०च्या अखेरीस फुटला तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले सुमारे सहाशे डॉलर त्यांच्या सामायिक गंगाजळीत होते. ते वाटून घेण्याऐवजी त्यांनी आधीच मुद्रित केलेल्या आठ गाण्यांची एक रेकॉर्ड काढली आणि त्यासाठी इयन मकाय व जेफ नेल्सन यांनी ‘डिस्कॉर्ड’ हे लेबल सुरू केले. ध्वनिमुद्रण डॉन झिएंतारा यांच्या घरातल्या छोट्या स्टुडिओत झाले होते. तयार कव्हर महाग पडत होते, म्हणून मुलांनी एका ब्रिटिश रेकॉर्डचे कव्हर काळजीपूर्वक उकलून सपाट केले, त्याची बाह्यरेषा कागदावर उतरवली आणि तो आराखडा छापखान्यात दिला. छापून आलेले कागद मित्रमंडळींनी घरी बसून कात्रीने कापले, दुमडले आणि चिकटवले, आणि पुढच्या काही रेकॉर्डांसाठीही हीच रीत चालू राहिली. पहिल्या खेपेच्या प्रती हजार होत्या, म्हणजे हजार वेळा कापणे, दुमडणे आणि डिंक लावणे आले. छपाई छापखान्याची आणि जोडणी घरची, अशी ही वाटणी होती.

इथवरच्या पायऱ्या पैसे आणि चिकाटी असली की पार होत. खरी अडचण वितरणात होती, कारण हजार प्रती मित्रांत आणि कार्यक्रमांत खपत नाहीत. लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस यांचे ‘रफ ट्रेड’ हे दुकान १९७६ साली सुरू झाले. छोट्या लेबलांच्या रेकॉर्ड ते आधी स्वतः विकायचे, मग इतर गावांतल्या तशाच दुकानांना पाठवू लागले, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला यॉर्क, ब्रिस्टल, नॉरिच, लिव्हरपूल, एडिनबरा अशा ठिकाणच्या दुकानदार-वितरकांबरोबर त्यांनी ‘कार्टेल’ नावाची साखळी बांधली. प्रत्येकाने आपापला प्रदेश सांभाळायचा आणि एकमेकांचा माल पुढे द्यायचा अशी ती व्यवस्था होती. यामुळे एखाद्या लहान गावातल्या बँडची रेकॉर्ड मोठ्या कंपनीच्या गोदामाला न शिवता देशभर पोहोचू लागली.

तुम्ही विचारलेले पैशांचे गणित मात्र इथेच अडते. कारखान्याला पैसे आगाऊ किंवा रोखीने हवे असतात, तर दुकाने आणि वितरक उधारीवर माल घेतात आणि महिनोन्‌महिने पैसे देत नाहीत. म्हणजे रेकॉर्ड जितकी जोरात खपते तितकी पुढच्या खेपेसाठी रोकड कमी पडते. डिस्कॉर्डवर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नेमकी हीच वेळ आली. ‘मायनर थ्रेट’ या त्यांच्या बँडच्या रेकॉर्डना मागणी होती, परंतु आधी विकलेल्या प्रतींचे पैसे बाहेर अडकले असल्यामुळे नव्या प्रती दाबायला हातात काही उरत नव्हते. लंडनमधल्या ‘सदर्न’ या स्टुडिओ व वितरण कंपनीचे जॉन लोडर यांनी दाबणीचा खर्च आपण आधी उचलू आणि विक्रीतून वळता करून घेऊ, अशी तोड काढली. तेव्हापासून गाणी, किंमत आणि कव्हर यांचे निर्णय डिस्कॉर्डकडे राहिले आणि उत्पादनाचा बोजा सदर्नकडे गेला. सगळे स्वतःच करण्याच्या तत्त्वाला यात बाध येतो असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण मास्टर टेपचा हक्क आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार डिस्कॉर्डने कधीच सोडला नाही.

ब्रिटनमध्ये मात्र उधारीची साखळी अखेर तुटलीच. रफ ट्रेडचा वितरणाचा व्यवसाय वाढत वाढत अवाढव्य झाला, आणि १९९१ साली तो बुडाला तेव्हा त्याच्याकडे पैसे येणे असलेल्या अनेक छोट्या लेबलांना विकलेल्या मालाचेही पैसे पूर्ण मिळाले नाहीत. त्यातल्या काहींच्या रेकॉर्ड चांगल्या खपत होत्या, आणि म्हणूनच त्यांची येणी सर्वांत मोठी होती.