अपरिचितीकरण म्हणजे नक्की काय, आणि ते कथेत कसं ओळखायचं?

प्रश्न: ‘समीक्षेत "इथे लेखकाने अपरिचितीकरण साधले आहे" असं वाक्य सारखं दिसतं. म्हणजे मुद्दाम अवघड भाषा लिहायची का? आणि गोष्ट वाचताना ते आहे की नाही हे कळणार कसं?’

नाही, अवघड भाषेशी त्याचा फारसा संबंध नाही. उलट सगळ्यात गाजलेलं उदाहरण आहे ते अगदी साध्या शब्दांतलं आहे.

ही संकल्पना मांडली व्हिक्टर श्क्लोव्हस्की या रशियन समीक्षकाने, १९१७ च्या एका लेखात. त्याचं म्हणणं असं की सवयीने आपण वस्तू बघतच नाही, नुसती ओळखतो आणि पुढे जातो. याला पुरावा म्हणून तो टॉलस्टॉयच्या १८९७ च्या डायरीतली एक नोंद देतो. टॉलस्टॉय खोली झाडत पुसत होता, सोफ्यापाशी आला आणि त्याला आठवेचना की हा आपण पुसलाय की नाही. हात चालला असेल पण लक्षात काहीच नाही, म्हणजे पुसला असला तरी न पुसल्यासारखंच. कलेचं काम काय, तर ही सवय मोडायची, वाचकाला त्या वस्तूपाशी थांबायला लावायचं, बघायला जास्त वेळ लागला पाहिजे. यालाच अपरिचितीकरण म्हणायचं.

आता त्यानेच दिलेलं उदाहरण बघा, टॉलस्टॉयची ‘खोल्स्तोमेर’ ही कथा (१८८६ ची). एक म्हातारा, खच्ची केलेला बांडा घोडा रात्री बाकीच्या घोड्यांना आपली कहाणी सांगतो. त्याला माणसांचा ‘माझा’ हा शब्दच कळत नाही. जो मला ‘माझा घोडा’ म्हणायचा तो माझ्यावर बसायचा नाही, बसायचे दुसरेच. चारा घालायचे तेही दुसरेच. दुकानदार ‘माझं कापडाचं दुकान’ म्हणतो पण त्यातलं सगळ्यात चांगलं कापड त्याच्या अंगावर नसतं, आणि काहीजण तर ज्या जमिनीवर कधी पाय ठेवला नाही तिलाही माझी म्हणतात. मग घोडा निष्कर्ष काढतो की हा माणसांचा काहीतरी खेळ दिसतोय, जो जास्तीत जास्त गोष्टींना ‘माझं’ म्हणेल तो सगळ्यात सुखी असं ठरलंय त्यांच्यात.

इथे एकही शब्द कठीण नाही. ‘मालमत्ता’ हे तयार नाव काढून घेतलंय आणि त्याच्या आत प्रत्यक्ष काय चालतं तेवढंच सांगितलंय, म्हणून मालकी पहिल्यांदाच बघितल्यासारखी विचित्र वाटते.

बहुतेक लोक इथेच थांबतात आणि ‘घोडा निवेदक आहे, म्हणून अपरिचितीकरण’ असं लिहून मोकळे होतात. ते अर्धवट आहे. रूपवाद्यांच्या, म्हणजे श्क्लोव्हस्की ज्यांच्यातला होता त्या रशियन समीक्षकांच्या, हिशोबात घोडा हे फक्त निमित्त, म्हणजे असं तिरकं बघायला कथेने दिलेली सबब. खरी युक्ती भाषेत आहे, आणि ते सिद्ध होतं शेवटी. घोड्याला मारून टाकतात, तो कथेतून गेला, आता सबब उरली नाही. पण शैली तशीच चालू राहते! पूर्वीचा मालक सेर्पुखोव्स्कोय याचं वर्णन, जगात खातपीत हिंडणारं मेलेलं शरीर बरंच उशिरा जमिनीत गेलं, असं येतं, आणि त्याची कातडी, मांस, हाडं कशाचाच उपयोग झाला नाही असंही. त्या शरीराला चांगला युनिफॉर्म, बूट घालून, चार कोपऱ्यांना गोंडे लावलेल्या नव्या पेटीत ठेवतात, मॉस्कोला नेतात, तिथे आधीची हाडं उकरून तिथेच हे दडवतात. ‘अंत्यविधी’ या शब्दात आपण जे गुंडाळून टाकतो ते सुटं करून समोर ठेवलंय, आणि सांगणारा घोडा नाही.

त्यामुळे मी वाचताना आधी बघतो की कुठल्या गोष्टीचं नेहमीचं नाव टाळलंय. मग ते नाव परत घालून बघायचं. ‘त्याचा दफनविधी थाटात झाला’ असं केलं की कथेचं काय जातं? काहीच जात नसेल तर ते नुसतं लांबवलेलं वर्णन होतं. बरंच काही जात असेल तर तिथे युक्ती आहे, आणि मग विचारायचं की निमित्त कुणाचं, कुठपर्यंत पुरतं.

कवितेत नाव टाळण्यापेक्षा लय अडवणं, शब्दांचा क्रम उलटा करणं जास्त दिसतं, पण कसोटी तीच. नेहमीच्या क्रमाने वाचून बघा. आणि नुसती उपमा आहे म्हणून खूण करू नका, ‘चंद्रासारखा चेहरा’ वाचताना चंद्र कुणाला दिसतो?

अडचण एकच, ही युक्तीसुद्धा सवयीची होते. प्राणी किंवा लहान मूल बोलतंय अशा इतक्या गोष्टी आपण वाचल्यात की निवेदक कुत्रा आहे यात आता काहीच अनोळखी नाही, म्हणून लिहिताना कुठल्या काळातल्या वाचकाची कुठली सवय मोडली तेही सांगावं लागतं. ब्रेख्त या जर्मन नाटककाराची दुराव्याची कल्पना याच्या जवळची वाटते पण त्याला प्रेक्षकाने नाटकात वाहून न जाता समाजाबद्दल विचार करायला हवा होता, श्क्लोव्हस्कीचा रोख वस्तू नीट दिसण्यावर आहे, तेव्हा दोघांना एकाच वाक्यात बसवू नका.