कर वाचतो तो पैसा घरी कसा नेता त्यावर

प्रश्न : गेली सहा वर्षे मी यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना एकट्याच्या मालकीने चालवतो. उलाढाल 4 कोटी, सगळे व्यवहार बँकेतून, नफा सुमारे 30 लाख. आता धाकटी बहीण 10 लाख घालून पूर्णवेळ येते आहे आणि तिला निम्मी मालकी द्यायची आहे. कोणी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, सुचवतो, कोणी प्रायव्हेट लिमिटेड. कर आणि कटकट कशात कमी?

उत्तर : आपल्याच आकड्यांवर हिशेब मांडतो. दर आर्थिक वर्ष 2025-26 चे आणि नव्या करप्रणालीचे आहेत, आणि आपणा दोघांना अन्य उत्पन्न नाही असे धरले आहे.

आज एकल मालकीत 30 लाखांवर उपकरासह 4 लाख 99 हजार 200 रुपये कर बसतो. भागीदारी संस्था आणि एलएलपी यांना आयकर एकच आहे : नफ्यावर सरसकट 30 टक्के आणि त्यावर उपकर. मात्र काम करणाऱ्या भागीदारांचे मानधन त्याआधी वजा होते, आणि त्याची मर्यादा पहिल्या 6 लाख नफ्यावर 90 टक्के व उरलेल्यावर 60 टक्के अशी आहे. आपल्या बाबतीत ते 19 लाख 80 हजार होते. प्रत्येकी 9 लाख 90 हजार मानधनावर, 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणाऱ्या सवलतीमुळे, कर शून्य राहतो, आणि उरलेल्या 10 लाख 20 हजारांवर संस्था 3 लाख 18 हजार 240 रुपये भरते. हा कर भरल्यावर उरलेला नफा भागीदाराच्या हाती करमुक्त येतो. मानधनाची रक्कम किंवा ती काढण्याची पद्धत करारनाम्यात स्पष्ट लिहिलेली नसेल, तर ही वजावट नाकारली जाते. हे कलम मोघम ठेवू नका.

कंपनीत दोघांनी प्रत्येकी 12 लाख 75 हजार पगार घेतला, तर प्रमाणित वजावटीनंतर वैयक्तिक कर शून्य होतो. कंपनीकडे 4 लाख 50 हजार उरतात आणि 22 टक्क्यांचा पर्याय वेळेत निवडल्यास अधिभार-उपकरासह 1 लाख 13 हजार रुपये कर होतो. कंपनी स्वस्त दिसते ती येथे. पण उरलेले 3 लाख 37 हजार लाभांश म्हणून घरी नेले, तर दोघांचे उत्पन्न 12 लाखांच्या वर जाऊन आधीची सवलतच सुटते, दोघांवर मिळून आणखी सुमारे 1 लाख 77 हजार कर चढतो आणि एकूण बोजा 2 लाख 91 हजारांवर, म्हणजे जवळजवळ एलएलपीइतका जातो. कंपनीचा फायदा पैसा कंपनीतच ठेवणाऱ्याला आहे.

प्रामाणिकपणे सांगायचे तर, बहिणीला तिच्या कामाला साजेसा 12 लाख 75 हजार पगार देऊन एकल मालकीच ठेवली, तरी आपला कर 1 लाख 50 हजार 800 वरच थांबतो. मात्र तिला मालकी मिळत नाही, आणि कारखान्याच्या देण्यांसाठी आपले घरही गुंतलेले राहते. साध्या भागीदारीत मालकी मिळते, पण देण्यांची जबाबदारी दोघांवर अमर्याद येते. कर एलएलपीइतकाच असल्याने मी ती सुचवत नाही.

अनुपालनाचे म्हणाल, तर आपले व्यवहार बँकेतून असल्याने आज लेखापरीक्षण लागत नाही. एलएलपीत 40 लाखांवरील उलाढालीला ते लागते, शिवाय 30 मे पर्यंत वार्षिक विवरण आणि 30 ऑक्टोबरपर्यंत हिशेब भरावे लागतात. कंपनीत उलाढाल कितीही असो, लेखापरीक्षण, संचालकांच्या सभा, वार्षिक सभा आणि दोन वार्षिक फॉर्म चुकत नाहीत. उशिराला प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये, आणि त्याला कमाल मर्यादा नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. एकल मालक गल्ल्यातून हवी तेव्हा उचल घेतो, आणि तीच सवय कंपनीत घेऊन येतो. कंपनीचा पैसा त्याचा नसतो. संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याचा निर्बंध आहे, आणि अशी उचल आयकर अधिकारी लाभांश मानून त्यावर कर लावू शकतात. अनेकदा मुलांची फी, घराचा हप्ता, गाडीची सर्व्हिसिंग हे सगळे कंपनीच्या खात्यातून गेलेले असते आणि वर्षअखेर ती रक्कम संचालकांच्या नावे येणे दिसते.

म्हणून आधी गेल्या दोन वर्षांची बँक पुस्तके काढून घरी नेलेली रक्कम महिनावार लिहा. त्यात बहिणीच्या घरखर्चाची भर घातल्यावर बेरीज दोघांच्या पगाराइतक्या, म्हणजे महिना 2 लाख 12 हजारांच्या आत राहत असेल, तर कंपनी काढा. ती वारंवार त्यापुढे जात असेल, तर जादा कर मान्य करून एलएलपी घ्या. मागे फिरणे सोपे नाही : कंपनीचे एलएलपीत करमुक्त रूपांतर आधीच्या तिन्ही वर्षांत उलाढाल 60 लाखांच्या आत असेल तरच होते, आणि आपली 4 कोटी आहे.