शाखांचे सामायिक बजेट: बेळगाव, खानापूर, निपाणी

प्रश्न: आमच्या फर्निचर दुकानाच्या बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथे शाखा आहेत. गूगल ॲड्समध्ये तिन्हींसाठी एकच बजेट ठेवावे का?

उत्तर: बेळगाव शहराचे बजेट वेगळे ठेवावे आणि सामायिक बजेट फक्त खानापूर व निपाणी यांच्यात वाटावे. सामायिक बजेट कोणत्याही शाखेला किमान रक्कम राखून ठेवत नाही. जिथे शोध जास्त, तिथे पैसा वाहतो. समजा दिवसाला ९०० रुपये तिघांत मिळून ठेवले आणि शहराने त्यातले ७०० दुपारपर्यंतच संपवले, तर संध्याकाळी खानापुरातल्या ग्राहकाला जाहिरात दिसेलच असे नाही, आणि महिनाअखेरीस दोष मात्र त्या शाखेच्या माथी येतो. म्हणून अहवालात नुसते फोन मोजू नयेत. प्रत्येक कॅम्पेनसमोर `Search lost IS (budget)` हा स्तंभ लावावा; बजेट अपुरे पडल्याने जाहिरात दिसण्याच्या किती टक्के संधी हुकल्या, ते तो सांगतो. तो खानापूरसाठी मोठा असेल, तर तिथे मागणी कमी नसून पैसा अपुरा पडला आहे. दुसरे असे की खानापूर बेळगावपासून साधारण २५ किलोमीटरवर असल्याने दोन्हींभोवती जाहिरात दाखवण्याच्या क्षेत्राची मोठी वर्तुळे आखल्यास ती एकमेकांवर चढतात आणि खानापूरचा ग्राहक शहराच्या खात्यात जमा होतो. शहराच्या कॅम्पेनमधून खानापूरचा भाग वगळावा आणि स्थानाच्या पर्यायांत `Presence` निवडावे, म्हणजे त्या भागात असलेल्या किंवा नेहमी असणाऱ्या लोकांनाच जाहिरात दिसेल. निपाणीचे वर्तुळ महाराष्ट्रातल्या कागलपर्यंत जाते, ते मात्र राहू द्यावे, कारण ग्राहक राज्याची सीमा पाहून खरेदी करत नाही. फक्त मोबाइलचे स्थान नेहमी अचूक नसते, त्यामुळे सीमेलगतच्या गावांचे आकडे अंदाजे धरावेत.